पेंधर ते बेलापूर: स्कूटरचा किलोमीटर नेमका कितीला पडतो?

प्रश्न: पेंधर मेट्रो स्टेशनपासून दीड किलोमीटरवर राहतो. ऑफिस सीबीडी बेलापूरला, मेट्रोतून उतरल्यावर चालत दहा मिनिटं. स्कूटरने घर ते ऑफिस मीटरवर १४ किलोमीटर. ११० सीसीची स्कूटर, पाच वर्षं झाली. पेट्रोलला महिन्याला ₹२,४०० च्या आसपास जातात. मेट्रोचे एका बाजूचे ₹३०, आणि घर ते स्टेशन शेअर रिक्षा ₹२०. मित्र म्हणतो, "गाडी पावणेदोन रुपये किलोमीटर पडते, मेट्रोत कशाला पैसे घालतोस?" खरा हिशेब कसा करायचा? आणि बसचा पास काढणं परवडतं का?

उत्तर:

आधी निकाल सांगतो, मग हिशेब. स्टेशनपर्यंत चालत गेलात तर मेट्रो स्वस्त. दोन्ही वेळा शेअर रिक्षा केलीत तर स्कूटर स्वस्त. सगळी मारामारी त्या दीड किलोमीटरची आहे. आणि तुमच्या मित्राचे पावणेदोन रुपये कुठून आले तेही सांगतो, कारण तो आकडा मला रोज कोणी ना कोणी ऐकवतो.

सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत, तुर्भ्याला, मी गाड्यांचा हिशेब बघतो. पोरं दिवसभर स्कूटर-मोटारसायकली फिरवतात आणि महिनाअखेर किलोमीटरप्रमाणे पैसे मागतात. त्यामुळे "गाडी किती देते" या प्रश्नावर माझी बरीच डोकेफोड झालेली आहे. त्यातून शिकलेली पहिली गोष्ट अशी की महिन्याच्या पेट्रोल खर्चावरून ऑफिसच्या प्रवासाचा खर्च निघत नाही. तुमचे ₹२,४०० घ्या. लिटरला ₹१०४ धरले (तुम्ही तुमच्या पावतीवरचा भाव घ्या) तर ते २३ लिटर झाले. ११० सीसीची स्कूटर गावात चाळीस-बेचाळीस देते, म्हणजे महिन्याला सव्वानऊशे ते पावणेदहाशे किलोमीटर. ऑफिसचे मात्र रोजचे २८ गुणिले २२ दिवस, म्हणजे ६१६. उरलेले तीनशे-साडेतीनशे भाजी, मुलांचा क्लास, रविवारी सासुरवाडी असल्या कामांत गेले. मेट्रो धरली तरी ते चालूच राहणार. म्हणजे तुलनेला ₹२,४०० घेतलेत तर पहिल्याच पायरीला घसरलात.

म्हणून आधी ॲव्हरेज मोजायचं. कागदावर हे सोपं आहे: टाकी फुल करा, रीडिंग लिहा, चालवा, पुन्हा फुल करा, लिटर लिहा, भागाकार करा. प्रत्यक्षात नव्वद टक्के लोक चुकतात ते "फुल" या शब्दात.

आमच्याकडे एका मुलाची वही होती. एका टाकीला ५१ ॲव्हरेज, पुढच्या टाकीला ३६, मग ४९, मग ३७. मला आधी वाटलं पेट्रोल कुठेतरी मुरतंय. एक दिवस त्याच्याबरोबर पंपावर गेलो. गर्दी होती, मागून हॉर्न चालू होते, त्याने गाडी साइड स्टँडवरच लावली आणि नोझलने खट् केल्याबरोबर झाकण बंद केलं. आदल्या वेळी म्हणे मेन स्टँडवर लावली होती आणि पंपावरच्या माणसाने खट् झाल्यावरही थोडं थोडं करत राउंड फिगरपर्यंत भरलं होतं. पाच-सव्वापाच लिटरच्या टाकीत गाडी कलती असणं आणि "थोडं अजून" याने सहज अर्धा लिटर इकडचा तिकडे होतो. गाडीत काहीच बिघाड नव्हता. एकदा टाकी जास्त भरली की त्या वेळी लिटर जास्त दिसतात आणि ॲव्हरेज पडतं; पुढच्या वेळी तेच लिटर कमी दिसतात आणि ॲव्हरेज चढतं. आकडे एकाआड एक वरखाली होत असतील तर समजा, गाडी ठीक आहे, भरण्याची पद्धत चुकतेय.

तेव्हा गाडी दर वेळी मेन स्टँडवर. शक्यतो तोच पंप, तेच मशीन. पहिला खट् झाला की थांबायचं, राउंड फिगर नाही. मशीनवर शून्य पाहायचं, आणि पावती मागायची, कारण आपल्याला रुपये नको असतात, लिटर हवे असतात. (माप कमी देतात अशी शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. ते मागून तपासायचा ग्राहकाला हक्क आहे. मागितल्यावर लोक जरा तोंड वाकडं करतात, पण देतात.)

एवढं करूनही एका टाकीवर विश्वास ठेवू नका. उत्तम पद्धतीने भरलं तरी दोनेकशे मिलिलिटरचा फरक राहतोच. चार लिटर भरताना दोनशे मिलिलिटर म्हणजे पाच टक्के; ४२ चं ४४ किंवा ४० दिसायला तेवढं पुरे. यावर तोड म्हणजे सलग चार टाक्या मोजून एकच भागाकार करणं. मधल्या टाक्यांमधलं कमीजास्त एकमेकांत जिरून जातं, उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची चूक. तेच दोनशे मिलिलिटर आता सतरा लिटरमध्ये आहेत, म्हणजे एक टक्का आणि वर थोडं.

आमच्या एका ११० सीसी स्कूटरच्या नोंदी देतो. सुरुवातीला टाकी फुल केली तेव्हा रीडिंग १८,४१२. पुढे १८,५८८ ला ४.३१ लिटर मावलं, १८,७७१ ला ४.१२, १८,९४० ला ४.१९ आणि १९,११६ ला ४.१४. सुटी सुटी ॲव्हरेज काढली तर ४०.८, ४४.४, ४०.३, ४२.५ येतात, दुसऱ्या टाकीनंतर मालक खूश आणि तिसऱ्या टाकीनंतर थेट गॅरेजमध्ये. एकत्र काढा: ७०४ किलोमीटर, १६.७६ लिटर, बरोबर ४२. हा आकडा खरा.

यातून एक सोय निघते. "दोनशेचं टाका" ही आपली सवय सोडायची गरज नाही. मधे कितीही वेळा दोनशे-तीनशेचं टाका, फक्त प्रत्येक वेळचे लिटर लिहून ठेवा. पहिली आणि शेवटची टाकी मात्र खट्‌पर्यंत फुल हवी. मोबाइलमध्ये रीडिंगचा एक आणि पावतीचा एक फोटो काढला की वहीही नको.

मीटर खरं किलोमीटर दाखवतं का, ही शंका लोक नेहमी काढतात. बऱ्याच दुचाकींचं थोडं जास्तच दाखवतं. पण तुमच्या कामाला त्याने फरक पडत नाही, एका अटीवर. घर ते ऑफिस अंतरही त्याच मीटरवरचं घ्यायचं. मीटर चार टक्के जास्त दाखवत असेल तर किलोमीटरचा खर्च चार टक्के कमी दिसेल आणि अंतर चार टक्के जास्त. गुणाकार केल्यावर रोजचे रुपये बरोबरच येतात. गोंधळ होतो तो ॲव्हरेज मीटरवरून काढायचं आणि अंतर मोबाइलच्या नकाशावरून घ्यायचं, असं केल्यावर. तुम्ही १४ मीटरवरूनच लिहिलेत, ते चांगलं केलंत.

आता मित्राचे पावणेदोन. १०४ ला ६० ने भागलं की ₹१.७३ येतात. म्हणजे त्याने जाहिरातीतलं किंवा विकणाऱ्याने सांगितलेलं ६० चं ॲव्हरेज धरलंय. ते ठरावीक वेगाच्या, ठरावीक चाचणीत निघतं. तळोज्याहून निघून उत्सव चौकाचे सिग्नल, मग सायन-पनवेल महामार्गावरची सकाळची रांग, असल्या रस्त्यावर ११० ची स्कूटर साठ देत नाही. मित्राची १०० सीसीची मोटारसायकल असेल तर मात्र तो फार खोटं बोलत नाहीये. तिच्याकडे नंतर येतो.

बेचाळीसने भागलं तर ₹१०४ चे किलोमीटरला ₹२.४८. रोजच्या २८ किलोमीटरला ₹६९. नुसतं पेट्रोल.

हल्ली ॲव्हरेज कमी झालंय असं तुम्हाला वाटत असेल तर थोडा वाटा इथेनॉलचा आहे. लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा लिटरभर पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी असते. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. त्यासाठी न बनलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज यामुळे तीन-चार टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या अहवालात दिला होता. म्हणजे ४२ चं साडेचाळीस. त्याहून जास्त पडलं असेल तर दोष इथेनॉलवर ढकलू नका. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक शू घासत असेल तर चाक लगेच अडखळतं, आणि सर्व्हिसिंगमध्ये ब्रेक आवळून आणल्यावर असं हमखास होतं. मग हवा बघा, मग एअर फिल्टर.

पेट्रोलच्या पुढचा खर्च बहुतेक लोक एकतर अजिबात धरत नाहीत, नाहीतर विमा, हप्ता, गाडीची किंमत सगळंच धरतात. दोन्ही चूक. मी पोरांना एकच प्रश्न विचारतो: उद्या ही गाडी घरी उभी ठेवलीस तर कोणता खर्च होणार नाही? विमा भरावाच लागतो. पीयूसी काढावीच लागते. गाडी एक वर्षाने जुनी होतेच. कर्जाचा हप्ता बँक सोडत नाही. हे सगळं बाजूला ठेवा. (घरात दोन गाड्या आहेत आणि मेट्रोमुळे एक विकूनच टाकणार असाल, तर हिशेब वेगळा. मग विमा आणि विकून येणारे पैसे दोन्ही धरा.)

वाचतं काय? ऑइल, टायर, ब्रेक शू, बेल्ट. हे किलोमीटरवर झिजतं. माझ्या नोंदींत ११० च्या स्कूटरची साधी सर्व्हिसिंग ऑइलसकट ₹१,२०० आणि ती दर ३,००० किलोमीटरला, म्हणजे ४० पैसे. टायरची जोडी ₹३,२०० ची, २०,००० किलोमीटर चालते, १६ पैसे. बेल्ट, रोलर, ब्रेक शू मिळून तेवढ्याच अंतरात ₹३,०००, म्हणजे १५ पैसे. बेरीज ७१ पैसे. तुमचा गॅरेजवाला कमी-जास्त घेत असेल तर तुमचे आकडे घाला. पण शून्य घालू नका.

₹२.४८ आणि ७१ पैसे मिळून ₹३.१९. रोजचे २८ किलोमीटर ₹८९ ला पडले.

दुसऱ्या बाजूला मेट्रो. बेलापूर ते पेंधर हा मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा टोकापासून टोकापर्यंत ₹४० होते. सप्टेंबर २०२४ पासून सिडकोने ते ₹३० वर आणले. जाऊन-येऊन ₹६०. जुन्या भाड्यात हेच ₹८० झाले असते, आणि चालत जाऊनही दिवसाला जेमतेम नऊ रुपये वाचले असते.

आता ते दीड किलोमीटर. चालत गेलात, तर ₹६० विरुद्ध ₹८९. दिवसाला ₹२९, बावीस दिवसांत सुमारे ₹६४५ वाचले. दोन्ही वेळा शेअर रिक्षा केलीत तर ₹१००. दिवसाला ₹११ अंगावर पडले. सकाळी चालत आणि संध्याकाळी दमून रिक्षाने, तर ₹८०. नऊ रुपये वाचतात, महिन्याला दोनशे.

तिसरी वाट लोकांना सगळ्यात आवडते: स्टेशनपर्यंत स्कूटर, पुढे मेट्रो. हिच्यात एक छुपा खर्च आहे. थंड इंजिनाला पहिल्या एक-दोन किलोमीटरला पेट्रोल जास्त लागतं. बीएस-६ च्या इंजेक्शनवाल्या गाड्यांतही इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जास्तच सोडलं जातं. दीड किलोमीटरवर गाडी बंद केली म्हणजे ती पूर्ण तापायच्या आधीच उभी राहिली. संध्याकाळी पुन्हा तेच. अशा वापराला मी ४२ च्या जागी ३० धरतो. मग पेट्रोल ₹३.४७, झीज धरून ₹४.१८, रोजचे तीन किलोमीटर साडेबारा रुपये. मेट्रोसकट साडेबहात्तर. अजून ₹१७ हातात आहेत, पण पार्किंगचे दहा दिले की सात उरले, आणि वीस दिले की उलटे तीन गेले. फुकट लावायला जागा आहे म्हणून रस्त्याच्या कडेला लावायची ठरवलीत तर एकदा टोइंगवाला येईपर्यंतच ते फुकट.

मेट्रो सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात तुम्हाला वाटेल की हिशेब चुकला. चालत जाऊनही ₹६४५ वाचल्यासारखे दिसणार नाहीत. कारण ऑफिसच्या ६१६ किलोमीटरचं पेट्रोल ₹१,५२८ होतं आणि मेट्रोला ₹१,३२० गेले. खिशात राहिले दोनशे. बाकीचे सव्वाचारशे-साडेचारशे झिजेचे आहेत. ते पुढे ढकललेली सर्व्हिसिंग आणि उशिरा बदललेला टायर या रूपाने वर्षभरात येतील. लोक महिनाभर करून बघतात, दोनशेच दिसतात, आणि "काही खास नाही" म्हणून परत स्कूटरवर बसतात. दोनशेसाठी रोज तीन किलोमीटर चालायचं नसेल तर तोही निर्णय बरोबरच आहे, पण निदान आकडा पूर्ण बघून घ्यावा.

मित्राच्या मोटारसायकलकडे येऊ. तुमच्या रस्त्यावर स्कूटरने मेट्रोच्या ₹६० ची बरोबरी करायची तर झीज धरून किलोमीटर ₹२.१४ ला पडायला हवा. त्यातले ७१ पैसे गेले, पेट्रोलला उरले ₹१.४३, म्हणजे ॲव्हरेज ७३ हवं. स्कूटरला ते जमणार नाही. पण १०० सीसीची मोटारसायकल नीट चालवली तर याच रस्त्यावर ६५ देते. पेट्रोल ₹१.६०, झीज साठेक पैसे, दिवसाचे ₹६१-६२. मेट्रोशी खांद्याला खांदा. म्हणजे त्याच्या गाडीला त्याचं म्हणणं बरोबर आणि तुमच्या गाडीला तुमची शंका बरोबर. मागे बायकोला बसवून खारघरला सोडत असाल तर मेट्रोचा विषयच बंद. दोघांची तिकिटं लागतात आणि गाडीचं ॲव्हरेज थोडंसंच पडतं. चारचाकीचं उलटं. या गर्दीत एसी लावून बारा ॲव्हरेज मिळालं तर नुसतं पेट्रोल किलोमीटरला ₹८.६७, दिवसाचे २४३. तिथे रिक्षा करून गेलात तरी मेट्रो स्वस्त.

आता पास. पास म्हटलं की स्वस्तच, ही समजूत लोकलमुळे पक्की झालीय, कारण रेल्वेचा मासिक पास खरंच थोड्याच फेऱ्यांत वसूल होतो. बसला तसं धरून चालू नका. एकच भागाकार करायचा: पासाची किंमत भागिले एका दिवसाचं जाण्या-येण्याचं तिकीट. जे उत्तर येईल तेवढे दिवस तुम्ही खरंच बसने जाणार आहात का?

आमच्या कंपनीतला एक जण रोज वाशीहून चेंबूरच्या ऑफिसला जातो, बारा किलोमीटर. त्याने बेस्टचा सगळ्या मार्गांवर चालणारा महिन्याचा पास काढायचं ठरवलं. मे २०२५ च्या भाडेवाढीत तो ₹९०० चा ₹१,८०० झाला. एसी बसला १० ते १५ किलोमीटरच्या टप्प्याचे ₹३०, दिवसाचे ₹६०. अठराशे भागिले साठ, तीस दिवस. हा माणूस महिन्यात बावीस दिवस ऑफिसला जातो. पास काढला तर दिवस ₹८२ ला पडतो, सुटं तिकीट काढलं तर ₹६० ला, आणि त्याची स्कूटर, २४ किलोमीटरला ₹३.१९ ने, ₹७७ ला. तिघांत पासच महाग! त्याला हे पटायला दोन चहा लागले. अगदी २५ किलोमीटरच्या टप्प्यालाही ₹४० प्रमाणे बावीस दिवसांचे ₹१,७६० होतात, पासापेक्षा चाळीस रुपये कमीच.

मग तो पास कोणाला परवडतो? ज्याला बस बदलावी लागते त्याला. हाच माणूस चेंबूरला उतरून आणखी पाच किलोमीटरची एसी बस करत असता तर एका बाजूचे ₹४२, दिवसाचे ₹८४, बावीस दिवसांचे ₹१,८४८. इथे पास नुकताच वर येतो. शनिवारीही बसने फिरणारा, क्लासला जाणारा मुलगा, दिवसातून चार-सहा वेळा बस पकडणारा वसुलीवाला, यांना तर डोळे झाकून. दोन टोकांतल्या ठरावीक फेऱ्यांचा किंवा ठरावीक टप्प्याचा पास मिळत असेल तर त्यालाही हाच भागाकार लावा. एनएमएमटीच्या पासालाही तोच. खिडकीवर विचारायचे प्रश्न दोनच: एसी गाडीत चालतो का, आणि दिवस कॅलेंडरचे मोजतात की फेऱ्या मोजतात. कॅलेंडरचे मोजत असतील तर गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पास काढू नका, गावी गेलेले दिवस त्यातच जळतात.

पासाची आणखी एक गंमत अशी की तो काढल्यावर हिशेब पालटतो. पैसे भरून झाले, आता बसची प्रत्येक फेरी फुकट आणि स्कूटरचा प्रत्येक दिवस पूर्ण ₹७७ चा. पास खिशात ठेवून आठवड्यातून दोनदा "आज उशीर झाला" म्हणून स्कूटर काढणारा माणूस सगळ्यात जास्त खर्च करतो. त्या सहकाऱ्याला मी मागच्या तीन महिन्यांचं हजेरीपत्रक काढायला लावलं. सुट्ट्या, घरून काम आणि असे उशिराचे दिवस वजा जाता बसचे दिवस भरले सतरा. सतरा साठे एक हजार वीस. तो आता सुटी तिकिटंच काढतो.

तुमच्या मार्गावर मेट्रोला तसा काही घोळ नाही. ज्या दिवशी गेलात त्या दिवसाचे ₹६०, नाही गेलात तर शून्य. त्यामुळे काही बांधून घ्यायची गरज नाही. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर ते मे, सकाळी चालत जा. जुलैत दीड किलोमीटर छत्री घेऊन चिखलातून जाणं आणि रेनकोट घालून महामार्गावरून स्कूटर नेणं यातलं काय नको ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या दिवसांत रिक्षाचे चाळीस मोजून ₹११ जास्त गेले तरी मी मेट्रोनेच जाईन. पण सुरुवात टाकीपासून करा. येत्या चार टाक्या मेन स्टँडवर, पहिल्या खट्‌ला थांबून. तुमची स्कूटर ४२ ऐवजी ४८ देत असेल तर ₹८९ चे ₹८१ होतात, आणि संध्याकाळच्या रिक्षाचा निकाल बरोबरीवर येतो.